पार्किंगच्या आवर्तनाबाबत आमच्या व्यवस्थापक समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, नेरुळ, नवी मुंबई

विषय : ‘मर्यादित पार्किंग जागांचे समन्यायी आवर्तन’ ही सूचना मागे घेऊन सर्व जागांचे आवर्तन सुरू करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी संध्याकाळी दोन्ही विंगच्या सूचनाफलकांवर समितीने लावलेली सूचना मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला मनापासून बरे वाटले, कारण ‘समन्यायी आवर्तन’ हे शब्द आपल्या फलकावर यायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन वाचली, तेव्हा लक्षात आले की या सूचनेने माझे काहीच जात नाही. ज्या आवर्तनात माझ्यासारखीचे काहीच जात नाही ते समन्यायी असू शकत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. समितीला ते मी स्वतंत्रपणे लेखी दिले आहे आणि पोचही घेतली आहे. शेजारच्या अनेक संस्थांत हाच प्रश्न याच वळणावर आलेला असल्यामुळे तेच पत्र सर्वांसमोरही ठेवत आहे.

माझा या विषयाशी असलेला संबंध आधी सांगते. ए विंगच्या स्टिल्टमधील ११ क्रमांकाची जागा आमच्या घराकडे १९९८ पासून आहे. इमारत नवी होती तेव्हा माझ्या यजमानांनी बिल्डरला पस्तीस हजार रुपये दिले आणि त्याने साध्या छापील पावतीवर ‘पार्किंगपोटी’ असे लिहून दिले. त्या वेळी छप्पन्न सदनिकांत मिळून जेमतेम वीस गाड्या होत्या, त्यामुळे कोणी कोणाला विचारले नाही आणि कोणाला विचारावेसे वाटलेही नाही. आज माझी छोटी गाडी आठवड्यातून दोनदा हलते, एकदा भाजी बाजाराला आणि एकदा बहिणीकडे. माझ्या समोरच्या दारात राहणारी मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. ती रात्रपाळी नसेल तेव्हा साडेदहाच्या सुमारास घरी येते, सेक्टरच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारते आणि सम-विषम तारखांचे फलक बघून ज्या बाजूला जागा मिळेल तिथे गाडी लावते. बारा वाजता तारीख बदलते आणि बाजूही बदलते, म्हणून सकाळी उठल्यावर तिचे पहिले काम गाडी सरकवणे हेच असते. तिच्या सदनिकेचे देखभाल शुल्क माझ्याइतकेच आहे.

आता सूचनेकडे वळते. तिच्यात म्हटले आहे की संस्थेच्या आवारात स्टिल्टखाली अठरा आणि मोकळ्या आवारात आठ अशा एकूण सव्वीस जागा आहेत. स्वतःच्या नावाची गाडी असलेल्या आणि जागा मागणाऱ्या घरांची संख्या एकोणचाळीस आहे. इथपर्यंतचे आकडे बरोबर आहेत आणि गाड्यांची नोंदणीपत्रे तपासून ते काढल्याबद्दल मी सचिवांचे आभार मानते. एकाच घरातून दोन अर्ज आलेले किंवा गाडी विकून टाकलेल्यांचे अर्ज वगळले नसते तर हा आकडा उगाच फुगला असता. पुढच्या परिच्छेदात मात्र सूचना म्हणते की स्टिल्टमधील अठरा जागा ‘सध्याच्या धारकांकडे कायम’ राहतील आणि आवर्तन फक्त मोकळ्या आठ जागांचे होईल. सदनिका क्रमांकाच्या क्रमाने, सहा-सहा महिन्यांसाठी, येत्या १ ऑगस्टपासून.

हिशेब असा होतो. स्टिल्टमधील अठरा जागा सोळा घरांकडे आहेत, कारण दोन घरांकडे दोन-दोन जागा आहेत. उरलेल्या तेवीस घरांनी आठ जागा वाटून घ्यायच्या. तीन वर्षांचे छत्तीस महिने धरले तर प्रत्येक घराच्या वाट्याला साधारण साडेबारा महिने येतात, म्हणजे सहा महिने गाडी आत आणि मग जवळपास अकरा महिने बाहेर. याच तीन वर्षांत आम्हा सोळा घरांना छत्तीसच्या छत्तीस महिने मिळतात आणि त्यातल्या दोन घरांना दुपटीने. सगळ्या सव्वीस जागा एकोणचाळीस घरांत फिरवल्या असत्या तर प्रत्येक घराला छत्तीसपैकी चोवीस महिने मिळाले असते. सूचनेतल्या आणि न्याय्य आवर्तनातल्या फरकाची एवढी गोळाबेरीज पुरेशी आहे. जी टंचाई एकोणचाळीस जणांनी मिळून सोसायची, ती सगळी तेवीस जणांच्या डोक्यावर टाकली आहे आणि तिला समन्यायी म्हटले आहे.

माझी पहिली हरकत ‘कायम’ या शब्दाला आहे. समितीने तोंडी दिलेले कारण असे की स्टिल्टधारकांनी बिल्डरला पैसे दिले होते. खरे आहे, आम्हीही दिले होते. पण ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात नेमका हाच प्रश्न निकाली काढला आहे. दहिसरच्या त्या संस्थेच्या स्टिल्टमधील जागांवर बिल्डरने हक्क सांगितला होता. न्यायालयाने म्हटले की महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यानुसार स्टिल्टमधील जागा म्हणजे बंदिस्त गॅरेज नव्हे, ती स्वतंत्रपणे विकता येणारी सदनिकाही नव्हे. ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते आणि बिल्डरला ती विकण्याचा अधिकारच नाही. ज्याला विकण्याचा अधिकार नव्हता त्याच्याकडून मिळालेल्या पावतीने माझा हक्क कसा निर्माण होणार? माझ्या कपाटातली ती पिवळी पडलेली पावती माझी फसवणूक झाल्याचा पुरावा फार तर ठरेल, माझ्या समोरच्या मुलीला रस्त्यावर ठेवण्याचा आधार ठरणार नाही. ज्या नव्या इमारतींत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार आच्छादित पार्किंग नोंदणीकृत करारात मोबदला दाखवून विकलेले आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे करार वाचावा लागेल. आपल्या संस्थेत असा करार कोणाकडे असेल तर त्याने तो समितीपुढे ठेवावा. माझ्या माहितीप्रमाणे सोळापैकी चौदा घरांकडे पावत्याच आहेत, आणि दोघांकडे त्याही नाहीत.

दुसरी हरकत दोन जागा असलेल्या दोन घरांबद्दल आहे. ही घरे कोणती हे सर्वांना माहीत आहे, इथे लिहिण्याची गरज नाही, आणि त्यांनी त्या जागा लपूनछपून घेतलेल्या नाहीत. जागा रिकाम्या होत्या तेव्हा मागितल्या आणि मिळाल्या. परंतु आपल्या संस्थेने स्वीकारलेले आदर्श उपविधी या बाबतीत स्पष्ट आहेत. साधारणपणे एका सभासदाला एकच जागा द्यायची. मागणाऱ्यांअभावी जागा शिल्लक राहिली तरच दुसरी द्यायची, आणि तीही वर्षापुरती, दुसऱ्या सभासदाला तिची गरज नसेल तोपर्यंतच. पहिल्या गाडीसाठी तेवीस घरे रांगेत असताना कोणाच्याही दुसऱ्या गाडीला जागा ठेवणे हे उपविधींच्या शब्दांतही बसत नाही आणि अर्थातही बसत नाही. त्याच उपविधींत हेही आहे की मिळालेली जागा सभासदाला विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तरीही मागच्या वर्षी बी विंगमधील एका सदनिकेच्या विक्रीच्या जाहिरातीत ‘स्टिल्ट पार्किंगसह’ असे छापले गेले. ‘कायम’ हा शब्द फलकावर गेला की पुढच्या विक्रीत त्याची किंमत वसूल होणार, आणि ती किंमत संस्थेला मिळणार नाही.

तिसरी हरकत क्रमाची आहे, आणि ती लहान दिसत असली तरी लोकांना सर्वांत जास्त लागली आहे ती हीच. सदनिका क्रमांकाच्या क्रमाने पाळी लावली की ए विंगचा पहिला मजला पहिल्या सहा महिन्यांत आत येतो आणि बी विंगचे वरचे मजले पहिले वर्षभर बाहेरच राहतात. माझे वडील शेतकरी होते आणि आमचे शेत कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला होते. कालव्याच्या पाण्याला आमच्याकडे शेजपाळी असे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने प्रत्येकाची पाळी, आणि ती पाळी शेवटच्या शेतापासून सुरू होऊन मुखाकडे येई. कारण उघड आहे, मुखाजवळच्याला पाणी दिसते, शेवटच्याला फक्त निरोप मिळतो. आपल्याकडे शेवटापासूनच सुरू करा असा माझा आग्रह नाही. सर्वांसमोर एकदा चिठ्ठ्या काढा आणि निघेल तो क्रम लावा, म्हणजे क्रम कोणी ठरवला हा प्रश्नच उरणार नाही. वाहने जास्त आणि जागा कमी असतील तर वार्षिक पद्धतीने चिठ्ठ्या टाकून वाटप करावे असे उपविधीही सांगतात.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण चिठ्ठ्या हा शब्द निघाला की अनेकांना वाटते प्रश्न सुटला. दरवर्षी नव्याने सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकणे नियमात बसते, पण त्याला आवर्तन म्हणता येत नाही. सव्वीस जागा आणि एकोणचाळीस घरे असतील तर एका वर्षी बाहेर राहण्याची शक्यता तिनात एक आहे. दुसऱ्या वर्षीची चिठ्ठी पहिल्या वर्षीचे काही लक्षात ठेवत नाही, तिसऱ्या वर्षीची दोन्ही वर्षांचे विसरते. सलग तिन्ही वर्षे बाहेर राहण्याची शक्यता सत्तावीसात एक, म्हणजे एकोणचाळीस घरांपैकी एक किंवा दोन घरे तीन वर्षे सतत रस्त्यावर राहतील आणि अकरा-बारा घरे तिन्ही वर्षे आत राहतील असे धरून चालावे लागेल. यात लबाडी कोणाचीच नसेल, पण त्या एक-दोन घरांना ते कोणी पटवून देऊ शकणार नाही. पाम बीच मार्गापलीकडच्या एका संस्थेत माझी मैत्रीण राहते, तिथे हेच झाले. तिसऱ्या वर्षी डबा कोणी हलवला यावरून भांडण पोलीस चौकीपर्यंत गेले. म्हणून चिठ्ठी एकदाच, क्रम ठरवण्यासाठी काढावी. त्यानंतर पाळी आपोआप पुढे सरकली पाहिजे.

आपल्या आकड्यांत ते किती सोपे बसते ते दाखवते. एकोणचाळीस घरांचे चिठ्ठीने तेरा-तेराचे तीन गट करावेत, त्यांना क, ख, ग म्हणू. सव्वीस जागांचे तेरा-तेराचे दोन संच करावेत, प्रत्येक संचात नऊ जागा स्टिल्टमधील आणि चार मोकळ्या. पहिल्या वर्षी क गट पहिल्या संचात, ख गट दुसऱ्या संचात आणि ग गट बाहेर. दुसऱ्या वर्षी क बाहेर पडतो आणि त्याच्या जागी ग येतो, ख जागचा हलत नाही. तिसऱ्या वर्षी ख बाहेर पडतो आणि त्याच्या संचात क येतो, ग जागचा हलत नाही. चौथ्या वर्षी ग बाहेर आणि त्याच्या जागी ख. अशा रीतीने तीन वर्षांत प्रत्येक गट दोन वर्षे आत आणि एक वर्ष बाहेर राहतो. पहिल्या वर्षानंतर जो आत येतो तो सलग दोन वर्षे त्याच जागेवर राहतो, आणि दर वर्षी फक्त तेरा गाड्या निघतात व तेरा येतात. सगळ्या सव्वीस गाड्यांची एकाच दिवशी अदलाबदल करण्याचा गोंधळ यात नाही. पहारेकऱ्याने लक्षात ठेवायच्या गोष्टीही तेवढ्याच.

संचातल्या सगळ्या जागा सारख्या नाहीत हे मला चांगले माहीत आहे, सूचनेला मात्र ते माहीत नसावे. सात क्रमांकाची जागा पंपघराच्या भिंतीला आणि खांबाला अशी चिकटलेली आहे की तिथे लहान गाडीच बसते, आणि बसली तरी चालकाच्या बाजूचे दार पूर्ण उघडत नाही. बावीस आणि तेवीस एकामागे एक आहेत, पुढच्याला निघायचे तर मागच्याला उठवावे लागते. सव्वीस क्रमांकावर गुलमोहराची फांदी आहे. क्रम ठरवून झाल्यावर गटातल्या गटात जागा देताना गाडीच्या लांबी-रुंदीचा विचार करावा लागेल, नाहीतर ज्याच्या चिठ्ठीत सात क्रमांक निघेल तो मोठी गाडी घेऊन समितीच्या दारात उभा राहील. माझी सूचना अशी की सात क्रमांक फक्त लहान गाडीला द्यावा, बावीस-तेवीस शक्यतो शेजारच्या किंवा एकमेकांच्या वेळा ठाऊक असलेल्या दोन घरांना संमतीने द्यावेत, आणि ज्याला पहिल्या पाळीत मोकळी जागा मिळाली त्याला पुढच्या पाळीत आधी स्टिल्ट मिळावी. सात क्रमांकात माझी गाडी बसते. कोणी घेत नसेल तर मी घेईन.

सहा महिन्यांच्या पाळीला माझी हरकत आहे ती याच व्यवहारामुळे. बाहेर असलेल्या घराला सशुल्क पार्किंगची महिन्याची व्यवस्था बघावी लागते, ती सहा महिन्यांपुरती कोणी आनंदाने देत नाही. दुसरे असे की तेवीस घरांना आठ जागांवर सहा-सहा महिने फिरवले की पाळ्या सरळ भागत नाहीत. पहिल्या दोन पाळ्यांत सोळा घरे होतात, तिसऱ्या पाळीत उरलेली सात आणि पुन्हा पहिल्यांपैकी एक. हा एक कोण, आणि पुढचे चक्र त्याच्यापासून सुरू होणार की त्याच्यानंतर, याबद्दल सूचनेत अक्षरही नाही. पहिले भांडण तिथेच होईल.

काही गोष्टी माझ्या आखणीतही नीट बसत नाहीत, त्याही सांगते. बी विंगमध्ये एका सभासदांच्या घरी अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेली व्यक्ती आहे आणि चाकाची खुर्ची गाडीतून काढायला बाजूला मोकळी जागा लागते. त्यांना लिफ्टजवळची एक रुंद जागा आवर्तनाबाहेर ठेवून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. मग उरतात पंचवीस जागा आणि अडतीस घरे, आणि प्रत्येक घराच्या वाट्याचे तीन वर्षांतले साधारण दहा दिवस कमी होतात. गट तेरा, तेरा आणि बारा असे होतात. बाराचा गट बाहेर असेल त्या वर्षी आत येणारी घरे सव्वीस आणि जागा पंचवीस, म्हणजे आणखी एका घराला बाहेर राहावे लागेल. तो एक कोण हेही पहिल्याच दिवशी चिठ्ठीने ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवले तर पुढे वाद नाही. याउलट ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणून सरसकट सूट देऊ नये. मी स्वतः सहासष्ट वर्षांची आहे आणि आपल्या इमारतीत साठीच्या पुढचे इतके सभासद आहेत की त्या सवलतीने आवर्तनच संपेल.

चौदा क्रमांकावर एका सभासदाने संस्थेचे ना हरकत पत्र घेऊन स्वतःच्या मीटरवरून विजेच्या गाडीचे चार्जिंग बसवले आहे. त्याचा खर्च त्याने नियमाने केलेला आहे, तो बुडवता येणार नाही. जागा फिरली तर चार्जर त्याच जागेवर राहील आणि वीज त्याच्या घराच्या बिलात जाईल. यावर वेगळा मीटर घेऊन ती सोय सामाईक करणे हा मार्ग दिसतो, पण त्यासाठी संस्थेला पैसे काढावे लागतील आणि सभेत चर्चा करावी लागेल. तोपर्यंत त्या सभासदाला चौदा क्रमांकावरच पाळी द्यावी, जास्तीची वर्षे मात्र देऊ नयेत.

प्रवेशद्वाराच्या आतल्या बाजूला ‘तात्पुरत्या दोन जागा’ आखण्याची कल्पना सूचनेच्या शेवटी आली आहे. ती कृपया सोडून द्यावी. मंजूर नकाशात ती वाट आहे, पार्किंग नाही. अग्निशमन दलाची गाडी आत वळवायची ती तिथूनच. दोन घरांची समजूत काढायला छप्पन्न घरांची वाट अडवू नये.

शेवटची हरकत पद्धतीची. पार्किंगचे दर आणि धोरण हा सर्वसाधारण सभेचा विषय आहे. समितीने त्याची अंमलबजावणी करायची असते. ही सूचना सभेपुढे आलेली नाही, इतिवृत्तात तिचा उल्लेख नाही, आणि फलकावर लागल्यापासून अंमल सुरू होईपर्यंत हरकत नोंदवण्याची मुदतही दिलेली नाही. विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवसांची सूचना पुरते, म्हणजे वेळ नव्हता असेही म्हणता येत नाही. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला ‘जॅमर लावून दररोज पाचशे रुपये दंड’ हेही समितीने परस्पर लिहून टाकले आहे. दंड आकारायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाचे म्हणणे ऐकणे आणि रकमेला सर्वसाधारण सभेची मान्यता हा क्रम आहे. घाईने लावलेला पहिला जॅमरच संस्थेला तक्रारीत ओढेल.

या सर्वांवरून माझ्या मागण्या अशा आहेत. सध्याची सूचना १ ऑगस्टपूर्वी लेखी मागे घ्यावी. महिनाभरात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, किंवा ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सभेत हा विषय पहिला घ्यावा. लिफ्टजवळची ती एक रुंद जागा वगळून स्टिल्टसह बाकी सर्व पंचवीस जागा आवर्तनात आणाव्यात आणि प्रत्येक घराला पहिल्या गाडीसाठी एकच अर्ज करू द्यावा. चिठ्ठ्या सभेतच, कोणा लहान मुलाच्या हातून काढाव्यात आणि तीन वर्षांचा संपूर्ण क्रम त्याच दिवशी इतिवृत्तात लिहून फलकावर लावावा. सदनिका विकली गेल्यास नव्या सभासदाने गाडीसह अर्ज केला तर त्याला ज्या गटात जागा रिकामी होईल त्या गटाच्या शेवटी घ्यावे, विकणाऱ्याची जागा आपोआप मिळू नये. भाडेकरूंबाबतही सभेने एकदाच ठरवावे. माझ्या मते जागा सदनिकेच्या वाट्याची आहे, तीत सभासद राहतो की भाडेकरू यावरून ती कमी-जास्त होऊ नये, पण यावर माझ्यापेक्षा वेगळे मत असणारे बरेच आहेत आणि त्यांचे ऐकायला हवे. अदलाबदलीचा दिवस १ ऑक्टोबर ठेवावा. पाऊस ओसरलेला असतो आणि ऐन ओल्या आवारात गाड्या मागे-पुढे करण्याची वेळ येत नाही.

माझ्याखेरीज जी पंधरा घरे स्टिल्टमध्ये आहेत त्यांनाही दोन शब्द. तुमच्यापैकी काहींनी मला जिन्यात विचारले की, काकू, तुम्हाला काय गरज होती? गरज नव्हती, हे कबूल करते. बाहेर असण्याचे वर्ष मलाही नको आहे. या वयात रात्री रस्त्यापलीकडे गाडी लावून दिव्याखालून चालत येणे मला आवडणार नाही, आणि त्या वर्षी मी कदाचित गाडी बहिणीकडेच ठेवीन. पण जे मला एका वर्षासाठी नको वाटते ते समोरच्या घरात अकरा-अकरा महिने चालू शकेल असे म्हणणारी सही मी करू शकत नाही. समितीने ‘सध्याच्या धारकांची संमती’ म्हणून फिरवलेल्या कागदावर माझी सही नाही, तिची जागा कोरी आहे.

११ क्रमांकाची जागा चिठ्ठीत टाकावी असे लेखी पत्र या पत्रासोबत जोडले आहे. बिल्डरची १९९८ ची मूळ पावतीही दाखवायला तयार आहे. समितीचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे अशी विनंती आहे. ते न मिळाल्यास हेच पत्र, सूचनेच्या छायाप्रतीसह, निबंधक कार्यालयात द्यावे लागेल. सभेची तारीख कळवल्यास आकडेमोडीचा तक्ता मी स्वतः तयार करून आणीन, बँकेच्या नोकरीतली ती सवय अजून गेलेली नाही.

आपली विश्वासू,
ए विंगमधील एक सभासद
स्टिल्ट जागा क्रमांक ११